वाट मोकळी, दार बंद

स्मरणिकेसाठी काही लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर लिहावं असं आधी मनात आलं. पण तो दर वार्षिक सभेत आपण ऐकतोच. त्यापेक्षा गेल्या आषाढीला आपल्या हॉलमध्ये हरिपाठ झाल्यावर निघालेल्या एका प्रश्नावर लिहितो. बी विंगमधल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने विचारलं होतं, "आजोबा, कर्म, ज्ञान आणि भक्ती हे मोक्षाचे तीन मार्ग. मग ज्याला जो आवडेल तो त्याने घ्यायचा, असंच ना?" मी तेव्हा मान हलवली आणि प्रसाद घेऊन घरी आलो. रात्री झोप लागेना. कारण उत्तर 'हो' नाही, हे मला ठाऊक होतं. ते मी पंढरपूरच्या एका पायरीशी उभा राहून शिकलो होतो.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षं सोलापूर जिल्ह्यात गेली. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. कामासाठी जाणं-येणं असायचं. वेळ मिळाला की देवळाकडे चक्कर. चंद्रभागेच्या बाजूचं पूर्वेचं दार म्हणजे महाद्वार. त्याची पहिली पायरी ती नामदेव पायरी. तिच्यावर पाय न ठेवता लोक डोकं टेकतात. आणि त्या पायरीसमोर, देवळाच्या बाहेर, एक छोटीशी समाधी आहे, ती चोखामेळ्यांची. एवढ्या मोठ्या संताची समाधी रस्त्यावर का, असा प्रश्न पहिल्यांदा मला पडलाच नाही. गर्दीत आपणही नमस्कार करतो आणि पुढे सरकतो. प्रश्न पडला तो तिसऱ्या-चौथ्या खेपेला.

त्याचं उत्तर शोधायचं तर तीन मार्गांच्या मुळाशी जावं लागतं.

आपण आज 'कर्म' म्हणतो तेव्हा 'काम' असा अर्थ घेतो. जुन्या शास्त्रात कर्म म्हणजे प्रथम यज्ञकर्म. अग्नी ठेवायचा, मंत्र म्हणायचे, आहुती द्यायची, त्याचं फळ मिळवायचं. हे शास्त्र पूर्वमीमांसेने नीट लावून दिलं, आणि त्यात एक प्रश्न वारंवार येतो : अधिकार कुणाचा? उत्तर होतं, ज्याची मुंज झाली आहे, ज्याने वेद शिकला आहे, त्याचा. म्हणजे पहिल्या तीन वर्णांतल्या पुरुषांचा. स्त्रिया पतीच्या बरोबरीने बसत, पण स्वतंत्रपणे नाही. शूद्र नाही. आणि जे चार वर्णांच्याही बाहेर मानले गेले, त्यांचा तर विचारच नाही.

मग ज्ञानमार्ग? उपनिषदं तर म्हणतात की यज्ञापेक्षा ज्ञान श्रेष्ठ. तिथे तरी दार मोकळं असेल असं वाटतं. पण ते ज्ञान वेदान्तवाक्यांतून मिळवायचं, आणि वेद ऐकण्याचाच अधिकार नसेल तर ते कानावर पडणार कसं? ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात याची स्वतंत्र चर्चा आहे. तिला अपशूद्राधिकरण म्हणतात. त्यावर शंकराचार्यांचं भाष्य आहे, आणि वेदाच्या वाटेने शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार नाही, असाच निष्कर्ष त्यात निघतो. आचार्यांनी एक खिडकी मात्र उघडी ठेवली. विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान झालं हे नाकारता येत नाही, ते त्यांच्या पूर्वजन्मीच्या संस्कारांमुळे, असं ते म्हणतात. आणि इतिहास-पुराणं ऐकण्याचा अधिकार चारही वर्णांना आहे, हेही मान्य करतात. पण 'चारही वर्णांना'. पाचवा त्यातही नाही.

बँकेतल्या माणसाला हे लगेच कळतं. योजनेच्या परिपत्रकावर 'सर्वांसाठी' असं लिहिलेलं असायचं. खाली पात्रतेची अट : सातबारा जोडावा. ज्याच्याकडे जमीनच नाही तो शेतमजूर काउंटरपाशी उभा राहायचा आणि मी त्याला सांगायचो, योजना तुमच्यासाठीही आहे, फक्त सातबारा आणा. तो नमस्कार करून निघून जायचा. तीन मार्ग होते हे खरं, पण त्यांतल्या दोघांवर सातबारा मागत होते.

तिसऱ्या मार्गावर ही अट पहिल्यांदा सैल झाली ती गीतेत. नवव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात की माझा आश्रय घेणाऱ्या स्त्रिया, वैश्य, शूद्र यांनाही परमगती मिळते. मात्र त्याच गीतेत चातुर्वर्ण्य माझीच निर्मिती आहे असंही येतं, आणि आपलंच विहित कर्म करावं, दुसऱ्याचं नाही, असंही येतं. म्हणजे मोक्षाची वाट सगळ्यांना मोकळी झाली, पण गावातली जागा जिथल्या तिथे राहिली. माझ्या मते पुढच्या सातशे वर्षांची मराठी गोष्ट या एका वाक्यात आहे.

गीता संस्कृतात होती. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ती मराठीत उलगडली. हे काम त्यांनीच का केलं, याचा विचार आपण फारसा करत नाही. ते जन्माने ब्राह्मण होते. पण वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले, म्हणून परंपरा सांगते की मुलांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला. संन्याशाची पोरं. मुंज नाही म्हणजे वेद नाही, वेद नाही म्हणजे कर्ममार्ग नाही आणि शास्त्रोक्त ज्ञानमार्गही नाही. बंद दार कसं असतं, हे त्या भावंडांनी आतल्या बाजूच्या घरात जन्मून बाहेरून पाहिलं होतं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदाबद्दल ते जे म्हणतात ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. त्याचा आशय असा की, वेद फार श्रीमंत खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानाशी लागला. ते व्यंग भरून काढायलाच जणू तो गीतारूपाने पुन्हा आला. वेदाला कंजूष म्हणणं ही तेराव्या शतकात लहान गोष्ट नव्हती. नवव्या अध्यायावर बोलताना तर ते सांगतात की ओहोळांना वेगळी नावं गंगेला मिळेपर्यंतच असतात. खैर आणि चंदन हा भेद आगीत पडेपर्यंतच असतो.

पण लक्षात घ्या, गंगेत मिळेपर्यंत ओहोळ ओहोळच आहे. तोवर त्याने कुठून वाहायचं? याचं उत्तर देण्याची पाळी आली चोखोबांवर.

चोखामेळा मंगळवेढ्याचे, जातीने महार, नामदेवांचे समकालीन आणि त्यांना गुरू मानणारे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. सगळं घरच अभंग रचणारं. चोखोबांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. विठ्ठलाची भक्ती करायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, जनाबाई दासी अशा मेळ्यात ते संत म्हणून मान्य झाले. पण देवळाच्या आत नाही.

महिपतींनी 1762 मध्ये लिहिलेल्या 'भक्तविजया'त याच्या कथा आहेत. त्या चमत्काराच्या कथा आहेत, इतिहासाची कागदपत्रं नव्हेत. पण त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. चोखोबा महाद्वारात उभे असतात. रात्री स्वतः विठ्ठल येतो आणि हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेतो. सकाळी पुजाऱ्यांना कळतं, गहजब होतो, आणि चोखोबांना नदीपलीकडे राहायला सांगतात. मग देव नदी ओलांडून त्यांच्याकडे जेवायला जातो. वाढताना सोयराबाईंच्या हातून देवाच्या पीतांबरावर दही सांडतं. चोखोबा त्यावर देवाशी बोलत असतात, ते ऐकून एक पुजारी चिडून त्यांच्या तोंडात मारतो. आणि देवळात पाहतात तर विठ्ठलाचा गाल सुजलेला आणि पीतांबरावर दही.

लहानपणी ऐकताना मला या कथेचा आनंद वाटायचा. देवाने कशी जिरवली! आता वाचताना वेगळंच दिसतं. कथेत देव चोखोबांना रात्री आत नेऊ शकतो, त्यांच्या घरी जेवू शकतो, त्यांचा मार स्वतःच्या गालावर घेऊ शकतो. फक्त एक गोष्ट देवालाही करता येत नाही. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, नियम बदलून त्यांना आत घेणं. कथा सांगणाऱ्याची सहानुभूती पूर्णपणे चोखोबांकडे आहे, तरीही तो तिथे थांबतो. त्या काळच्या समाजाची सीमारेषा नेमकी तिथेच होती.

खुद्द या घरातले अभंग वाचले तर एकाच घरात तीन सूर ऐकू येतात. चोखोबा कधी सांगतात की वरच्या रूपाला भुलू नका, आतला भाव बघा. कधी मात्र, गेल्या जन्मीच्या काही दोषामुळे हा जन्म आला, असंही त्यांच्या नावच्या अभंगांत येतं. इथे 'कर्म' हा शब्द तिसऱ्याच अर्थाने आला आहे. आधी कर्म म्हणजे यज्ञ, मग कर्म म्हणजे वर्णाचं विहित काम, आणि आता कर्म म्हणजे मागल्या जन्माची थकबाकी. भक्तीने जे दार किलकिलं केलं ते या तिसऱ्या अर्थाने पुन्हा ओढून घेतलं. कारण तुझी जागा तूच कमावली आहेस असं माणसाला पटलं, की तक्रार कुणाकडे करणार?

सोयराबाईंनी ते मान्य केलेलं नाही. त्यांचा मुद्दा अगदी साधा, स्वयंपाकघरातल्या बाईने मांडावा तसा आहे. विटाळ देहातच आहे, देह विटाळातूनच जन्मतो, मग सोवळा कोण? कुणी निर्मळ देह घेऊन आला असेल तर दाखवा. शास्त्रार्थात याला उत्तर नाही. आणि कर्ममेळा तर देवाशीच भांडतो. अशा जातीत जन्म द्यायचा होता तर जन्मच का दिलास, असं विचारतो. बापाने थकबाकी मान्य केली, मुलाने खातंच कुणी उघडलं ते विचारलं. एका पिढीत एवढं अंतर पडलं.

चोखोबांचा शेवट मंगळवेढ्याला झाला. गावकुसाचं बांधकाम चालू होतं. वेठीला धरलेल्या मजुरांत तेही होते. भिंत कोसळली आणि ते इतरांबरोबर तिच्याखाली गेले. साल 1338. नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यातून हाडं वेगळी करायची कशी? सांगतात की ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची. ती घेऊन नामदेव पंढरपूरला आले आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. पुढे 1350 मध्ये स्वतः नामदेवांनीही त्याच दाराची पायरी आपल्यासाठी निवडली. देहू-आळंदीचा वारकरी विठ्ठलाआधी या दोघांना नमस्कार करतो. चोखोबांना मोक्ष मिळाला की नाही, हा प्रश्न त्याला पडतच नाही. मोक्ष मिळाला, जागा नाही मिळाली. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे : समाधी रस्त्यावर आहे, कारण त्याच्या पुढे त्यांना कधी जाताच आलं नाही.

पुढच्या शतकांत संतांनी ही रेषा पुन्हा पुन्हा खरवडली. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात महाराच्या तोंडून बोलणारी भारुडं लिहिली आणि शहाणपण त्याच्या पदरी घातलं. बहिणाबाई ब्राह्मणाच्या घरात नवऱ्याचा मार खात तुकोबांना गुरू मानत राहिल्या. पण रेषा पुसली गेली नाही. इरावती कर्वे यांनी वारीबरोबर चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला, त्यात त्यांनी पाहिलं की दिंडीत एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात. तो लेख विसाव्या शतकातला आहे.

दरम्यान ज्यांच्यासाठी दार बंद होतं, त्यांनी वाट पाहणं सोडायला सुरुवात केली होती. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. तरी 1948 मध्ये त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचं आपलं पुस्तक ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलं, त्यांत तमिळ नंदनार आणि काशीचे रविदास यांच्याबरोबर चोखामेळा आहेत. माणसाचा मान ठेवला, पण त्या दाराशी उभं राहणं नाकारलं.

आणि मग 1947. साने गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर हिंडले, गावोगाव मंदिरं आणि विहिरी खुल्या करा म्हणून सांगत राहिले, आणि 1 मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एकच : विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं करा. दहा दिवसांनी, 10 मे रोजी, बडव्यांकडून मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावर उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिर प्रवेशाचा कायदाही केला. 1338 पासून मोजलं तर 609 वर्षं.

काही सनातनी मंडळींनी मात्र त्या वेळी विधी करून मूर्तीतलं तेज पाण्याच्या घागरीत काढून घेतलं, अशी हकीकत पंढरपुरात अजून सांगतात. म्हणजे आत आलेल्यांना मूर्ती मिळाली तरी देव मिळू नये. हसू येतं, पण शास्त्राच्या बाजूने ते अगदी सुसंगत आहे. मंत्राने देव मूर्तीत येतो, तर मंत्रानेच बाहेरही नेता येतो. किल्ली अखेरपर्यंत कर्मकांडाकडेच. ती किल्ली हातातून जायला आणखी वेळ लागला. 1973 मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क त्याने काढले. वाद न्यायालयात चालला आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, 1915 मध्ये ते छापून आलं. त्यात त्यांनी मांडलं की गीतेचा मुख्य उपदेश ज्ञानोत्तर, भक्तिप्रधान कर्मयोग हा आहे. तरुणपणी मला तो पंडितांचा वाद वाटायचा. पण पंढरपूरचा हिशेब मांडला की तिन्ही गोष्टी निरनिराळ्या मार्गांसारख्या दिसत नाहीत, एकाच कामाच्या तीन टप्प्यांसारख्या दिसतात. भक्तीने सांगितलं, हा माणूस देवाला चालतो. सोयराबाईंच्या विचाराने दाखवलं की सोवळ्या-ओवळ्याला आधारच नाही. पण दार उघडलं ते गुरुजी अन्न सोडून बसले आणि कायदा झाला तेव्हा. पहिल्या दोन गोष्टी सहाशे वर्षं आपल्याकडे होत्या. तिसरी नव्हती, म्हणून चोखोबा रस्त्यावर राहिले. आणि ती आली तोवर ज्यांच्यासाठी दार उघडायचं होतं त्यांतल्या पुष्कळांनी पाठ फिरवली होती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला त्यांनी वेगळी वाट धरली. उशिरा केलेल्या कर्माचं फळ पूर्ण मिळत नाही.

शेवटी एक कबुली देतो, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. त्याच आषाढीला आपल्या हॉलमध्ये आपण पन्नासेक जण होतो. सतरंज्या रिकाम्या होत्या. आपले जिने झाडणाऱ्या मावशी आल्या, चप्पल बाजूला काढली आणि हॉलच्या बाहेरच्या पायरीवर बसल्या. त्यांना हरिपाठ आपल्यापेक्षा चांगला पाठ आहे, त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. त्यांना आत येऊ नका असं कुणी म्हटलं नाही. आत या, असंही कुणी म्हटलं नाही. मी दाराजवळच बसलो होतो. सोलापूरहून येताना एवढं सगळं डोक्यात घेऊन आलेलो मी, टाळ वाजवत राहिलो.

म्हणून त्या मुलीला उत्तर : नाही बेटा, ज्याला जो आवडेल तो मार्ग त्याने घ्यावा, असं नव्हतं. आधी बघायचं, आपण बसलो आहोत त्या दाराबाहेर कोण बसलं आहे. येत्या एकादशीला मावशींना बोलवायला मी जाणार आहे. तू बरोबर ये.